मनातील वाक्य आणि हातातील काम

एखादे प्रकरण कार्यालयात रेंगाळले म्हणजे त्याची कारणे नियमांत, अपुऱ्या कर्मचारीवर्गात किंवा कामाच्या बोजात शोधली जातात, आणि पुष्कळदा ती तेथे सापडतातही. परंतु काही प्रकरणांच्या बाबतीत नियम स्पष्ट असतो, हाताशी वेळ असतो आणि ज्याने ते काम करावयाचे त्याला काय करावयाचे हेही ठाऊक असते. तरीसुद्धा फाईल उघडली जात नाही. ती उघडण्यासाठी हात पुढे होतो, त्याच क्षणी मनात "हे आपल्याला जमणार नाही" असे एक वाक्य उमटते आणि हात मागे येतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा आळस वाटतो. वस्तुतः तो आळस नसतो. मनात उमटलेल्या एका वाक्याला वस्तुस्थितीचे स्थान दिले गेलेले असते, इतकेच.

अशा वाक्यांशी कसे वागावे, याचा पद्धतशीर विचार मानसशास्त्रातील ज्या शाखेने केला आहे तिला 'स्वीकार व बांधिलकी उपचारपद्धती' असे म्हणता येईल. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'ॲक्ट' या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत एकूण सहा प्रक्रिया मानल्या जातात. त्यांपैकी कार्यालयीन जीवनाशी विशेष निगडित असलेल्या दोन प्रक्रियांचा, म्हणजे विचारांपासून विलग होणे आणि मूल्ये निश्चित करणे यांचा, परिचय येथे एका साध्या उदाहरणाच्या आधारे करून दिला आहे.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचे प्रमुख प्रवर्तक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज हे होत. १९७८ मध्ये ते एका विद्यापीठात अध्यापन करीत असताना विभागाची एक सभा चालू होती. त्या सभेत त्यांना बोलावयाचे होते. परंतु तोंड उघडले तरी शब्द फुटेना. छाती धडधडू लागली व तीव्र भीतीने त्यांना ग्रासले. पुढे अशी भीती वारंवार येऊ लागली. तिला जितके टाळावे, तितके तिचे क्षेत्र वाढत गेले, असा आपला अनुभव त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेला आहे. या अनुभवातून आणि भाषेचा मानवी वर्तनावर होणारा परिणाम या विषयावरील संशोधनातून १९८० नंतरच्या काळात ही पद्धती आकारास आली. १९९९ मध्ये हेज, कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांनी तिच्यावरील पहिला सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. या विचाराच्या मुळाशी एका नोकरदार माणसाचा सभेतील प्रसंग आहे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विचाराशी तादात्म्य म्हणजे काय ?

'चिंच' हा शब्द वाचताच अनेकांच्या तोंडाला पाणी सुटते. समोर चिंच नसते, केवळ दोन अक्षरे असतात. तरीही शरीर जणू चिंच जिभेवर ठेवल्याप्रमाणे वागते. भाषेचे हे सामर्थ्य माणसाच्या फार उपयोगाचे आहे. न पाहिलेल्या गोष्टीविषयी तो बोलू शकतो आणि उद्याच्या कामाची आखणी आज करू शकतो, ते त्यामुळेच. परंतु याच सामर्थ्याची दुसरी बाजू अशी की, "मी नालायक आहे" हे वाक्य मनात आले की शरीर व वर्तन दोन्ही त्या वाक्याप्रमाणे वागू लागतात. वाक्य आणि वस्तू यांमधील अंतर नाहीसे होते. या स्थितीला विचाराशी तादात्म्य असे म्हणता येईल.

तादात्म्य झाले असताना माणूस विचाराकडे पाहत नाही, तर विचारातून जगाकडे पाहतो. रंगीत काचेचा चष्मा घातलेल्यास सर्व भिंती त्याच रंगाच्या दिसतात आणि डोळ्यांवर काच आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही, तसाच हा प्रकार होय. विलग होणे म्हणजे हा चष्मा क्षणभर हातात घेऊन पाहणे. चष्मा फेकून द्यावयाचा नाही आणि त्याचा रंगही बदलावयाचा नाही. ही काच आहे, एवढेच ओळखावयाचे.

येथे एक शंका उपस्थित होण्यासारखी आहे. असा विचार मनातून काढून टाकला तर काय बिघडेल ? अडचण अशी की, तो काढून टाकण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. डॅनियल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून, तरीही तो विचार आल्यास घंटी वाजविण्याची सूचना देण्यात आली. घंटी पुनःपुन्हा वाजत राहिली. इतकेच नव्हे, तर नंतर अस्वलाचा विचार करण्यास मोकळीक दिली तेव्हा, प्रारंभापासून मोकळीक असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांच्या मनात तो अधिक वेळा आला. विचार आला की नाही याची पाळत ठेवावयाची म्हणजे त्याची आठवण ठेवणे आलेच.

दुसरा मार्ग विचाराशी वाद घालण्याचा. "मी नालायक आहे" असे मन म्हणाले की आपल्या लायकीचे पुरावे गोळा करावयाचे. काही प्रसंगी हा मार्ग उपयोगी पडतो व अन्य उपचारपद्धतींत त्याला मानाचे स्थानही आहे. परंतु मनही प्रतिपक्षाच्या वकिलाप्रमाणे नवे पुरावे मांडू लागते आणि खटला लांबत जातो. तोपर्यंत टेबलावरील फाईल तशीच राहते. 'ॲक्ट' पद्धतीत विचार खरा की खोटा हा प्रश्न प्रथम विचारला जात नाही. या विचाराच्या सांगण्याप्रमाणे वागल्यास आपण कोठे पोहोचतो, हा प्रश्न विचारला जातो.

एक उदाहरण

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक, परंतु नेहमी घडण्यासारखा प्रसंग घेऊ. एका पंचायत समितीत एक कनिष्ठ सहायक आहे. शाळाखोल्यांच्या दुरुस्तीसाठी मिळालेल्या अनुदानाच्या खर्चाचे विवरणपत्र तयार करणे हे त्याचे काम. विवरणपत्रात चौदा ग्रामपंचायती आहेत. झालेला खर्च पाहून पुढील हप्ता मंजूर व्हावयाचा आहे. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका विवरणपत्रात त्याची चूक झाली होती. ती आढावा सभेत सर्वांसमक्ष वाचून दाखविण्यात आली आणि काही जण हसले होते.

सोमवारी दुपारी जुने कागद चाळताना त्याच्या लक्षात येते की, एका ग्रामपंचायतीचा खर्च ८४,००० रुपये असताना विवरणपत्रात ४८,००० रुपये लिहिला गेला आहे. अंकांची अदलाबदल झाली आहे. विवरणपत्र गेल्या आठवड्यातच जिल्हा परिषदेकडे रवाना झालेले आहे. शुक्रवारी आढावा सभा आहे. खर्च कमी दिसल्यामुळे त्या गावाचा पुढील हप्ता रोखला जाण्याचा संभव आहे, आणि तसे झाल्यास शाळेच्या छपराचे राहिलेले काम पावसाळ्यापूर्वी होणार नाही.

करावयाचे काम लहान आहे. दुरुस्तीपत्र तयार करून त्यावर गटविकास अधिकाऱ्यांची सही घ्यावयाची आणि ते पाठवावयाचे. परंतु त्याच्या मनात वाक्य उमटते : "पुन्हा माझीच चूक. मी या कामाला नालायक आहे." पाठोपाठ दुसरे येते : "साहेबांना सांगितले तर सर्वांसमोर पुन्हा तेच होणार." तो कागद फाईलमध्ये परत ठेवतो आणि ती फाईल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवितो. मंगळवारी तो आवक-जावक नोंदवह्या नीट लावण्याचे काम काढतो. ते काम खोटे नसते, परंतु त्या दिवशी त्याची निकड नसते. बुधवारी त्या गावच्या सरपंचांचा दूरध्वनी येतो. तो उचलत नाही.

यातील प्रत्येक टाळाटाळीनंतर त्याला क्षणभर बरे वाटले, ही या घटनाक्रमातील खरी मेख होय. फाईल तळाशी गेली तेव्हा छातीवरील ओझे उतरले. दूरध्वनी वाजायचा थांबला तेव्हा सुटकेचा निःश्वास आला. ही सुटका ताबडतोब मिळते आणि तिची किंमत मात्र पुढे मोजावी लागते. त्यामुळे टाळणे हीच सवय पक्की होत जाते. शिवाय टाळलेल्या कामाकडे बोट दाखवून मन पुन्हा म्हणू शकते : "पाहा, साधे पत्रही तुझ्याने पाठविले गेले नाही." अशा रीतीने विचार आपला पुरावा आपणच निर्माण करतो.

विलग होण्याच्या तीन पायऱ्या

बुधवारी सायंकाळी कार्यालय सुटण्यापूर्वी या सहायकाने एक कोरा कागद घेतला, असे समजू. पहिली पायरी म्हणजे मनातील वाक्य जसे आले तसे, सभ्य न करता, लिहिणे : "मी या कामाला नालायक आहे." पुष्कळांचा अनुभव असा की, विचार मनात असताना तो मोठा व धूसर असतो, कागदावर तो अवघ्या चार-पाच शब्दांचा निघतो.

दुसऱ्या पायरीत त्या वाक्याला एक जोड द्यावयाची : "मी या कामाला नालायक आहे, असा विचार माझ्या मनात येत आहे." नंतर आणखी एक जोड : "मी या कामाला नालायक आहे, असा विचार माझ्या मनात येत असल्याचे माझ्या लक्षात येत आहे." ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहून प्रत्येक सावकाश वाचावयाचे. पहिल्या वाक्यात माणूस आणि नालायकी यांच्यात अंतरच नाही. दुसऱ्यात मध्ये विचार आला. तिसऱ्यात विचाराकडे पाहणारा आला. मजकूर तोच राहिला, परंतु लिहिणारा एक पाऊल मागे सरकला. विलग होणे म्हणतात ते एवढ्यालाच.

तिसरी पायरी नाव देण्याची. हा विचार आज प्रथमच आलेला नसतो. शाळेतील परीक्षा, विभागीय परीक्षा, पहिली आढावा सभा अशा प्रत्येक प्रसंगी तो थोड्याफार फरकाने आलेला असतो. तेव्हा त्याला 'नालायकीची कहाणी' असे एखादे नाव देता येते. पुढे तो आला की, "ही नालायकीची कहाणी पुन्हा सुरू झाली" अशी मनातल्या मनात नोंद घ्यावयाची आणि समोरच्या कागदाकडे लक्ष वळवावयाचे. जागतिक आरोग्य संघटनेने तणावाच्या प्रसंगी उपयोगी पडणारी जी सचित्र मार्गदर्शिका २०२० मध्ये प्रसिद्ध केली, तीही याच पद्धतीवर आधारलेली आहे. तिच्यात विचारांच्या गळातून सुटण्याचा क्रम असाच दिला आहे : विचाराची दखल घेणे, त्याला नाव देणे आणि हातातील कामाकडे लक्ष परत आणणे.

एखादा विशिष्ट शब्दच फार बोचत असेल, तर आणखी एक जुना उपाय आहे. तो शब्द एकांतात मोठ्याने व भरभर सुमारे तीस सेकंद उच्चारीत राहावयाचा. १९१६ च्या सुमारास एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले होते की, एखादा शब्द भरभर पुन्हा पुन्हा म्हटला असता त्याचा अर्थ गळून पडतो व केवळ ध्वनी उरतो. 'दूध, दूध, दूध' असे अर्धा मिनिट म्हणून पाहिल्यास कोणालाही याचा प्रत्यय येईल. अकिहिको मासुदा, हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ व २००९ मध्ये स्वतःविषयीच्या बोचणाऱ्या शब्दांवर या उपायाची परीक्षा घेतली. त्यात शब्दाने होणारा त्रास पहिल्या काही सेकंदांतच कमी झाला. मात्र तो शब्द खरा वाटण्याचे प्रमाण उतरण्यास वीस ते तीस सेकंद लागले. म्हणून हा उपाय दोन-चार उच्चारांवर सोडून देऊ नये. अर्थात, तो घरी किंवा एकांतात करावयाचा आहे.

मूल्य म्हणजे उद्दिष्ट नव्हे

विलग झाल्याने हाताची पकड सुटते, परंतु हात कोणत्या कामास लावावयाचा हे त्याने ठरत नाही. ते ठरविण्यासाठी मूल्यांचा विचार करावा लागतो. येथे मूल्य हा शब्द नीतिपाठातील अर्थाने योजलेला नाही. आपण कशा प्रकारे वागू इच्छितो याविषयी स्वतः निवडलेली दिशा, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा.

मूल्य आणि उद्दिष्ट यांतील भेद प्रवासाच्या दृष्टान्ताने सांगता येईल. पूर्वेकडे चालणे ही दिशा आहे. वाटेत लागणारी गावे ही उद्दिष्टे आहेत. गाव गाठले की ते संपते. पूर्व दिशा मात्र कधीच गाठून संपत नाही आणि पहिल्या पावलापासून माणूस त्या दिशेने चाललेलाच असतो. 'विवरणपत्र शुक्रवारपूर्वी दुरुस्त करणे' हे उद्दिष्ट झाले. 'ज्या आकड्यावर गावाचे काम अवलंबून आहे तो प्रामाणिकपणे मांडणे' हे मूल्य झाले.

"साहेबांनी आपल्याला चांगले म्हणावे" हे मात्र या अर्थाने मूल्य होत नाही. कारण साहेबांनी काय म्हणावे हे सहायकाच्या हाती नाही. तसेच "आपली पुन्हा कधीही चूक होऊ नये" किंवा "सभेत भीती वाटू नये" ही उद्दिष्टेही येथे उपयोगाची नाहीत. या पद्धतीचे शिक्षक अशा उद्दिष्टांना मृत माणसाची उद्दिष्टे म्हणतात. जे काम मृत माणूस जिवंत माणसापेक्षा अधिक चांगले करू शकतो, ते उद्दिष्ट म्हणून घेऊ नये, असा त्यांचा दंडक आहे. मृत माणसाची चूक होत नाही व त्याला भीतीही वाटत नाही. जिवंत माणसाने मात्र काहीतरी करावयाचे असते.

आपले मूल्य कोणते हे ओळखण्यासाठी एक प्रश्न विशेष उपयोगी पडतो. या कामाबद्दल कोणी शाबासकी देणार नसते व कोणी रागावणारही नसते, तर ते कशा रीतीने करावेसे वाटले असते ? आपल्या सहायकाने हा प्रश्न त्याच कागदाच्या मागील बाजूस लिहिला. उत्तर देताना त्याच्या डोळ्यांपुढे ती शाळा आली, कारण पाहणीच्या वेळी तो तेथे गेला होता आणि अर्धवट झाकलेली खोली त्याने पाहिली होती. त्याने लिहिले : "आकडा बरोबर असावा, आणि चुकला तर तो मी स्वतः सांगावा."

गुरुवारची सकाळ

मूल्य लिहिल्यानंतर लगेच एक लहान कृती निश्चित करावी लागते. ती केव्हा, कोठे व कोणासमोर करावयाची हे ठरलेले असावे. "लवकरच साहेबांना सांगेन" ही कृती नव्हे. सहायकाने तीन गोष्टी लिहिल्या. सकाळी आल्याबरोबर दुरुस्तीपत्राचा मसुदा तयार करावयाचा व त्यास मूळ खर्चपत्रकाची प्रत जोडावयाची. सव्वादहा वाजता, अभ्यागतांची गर्दी होण्यापूर्वी, गटविकास अधिकाऱ्यांना भेटावयाचे. नंतर सरपंचांना दूरध्वनी करावयाचा.

गुरुवारी मसुदा वीस मिनिटांत झाला. परंतु अधिकाऱ्यांच्या दालनाशी येताच छाती धडधडू लागली आणि तेच वाक्य पुन्हा उमटले. विलग होण्याचा सराव केला म्हणजे विचार येणे थांबते, अशी ज्याची समजूत असेल तो येथूनच मागे फिरेल. सहायकाने मनात एवढेच म्हटले की, कहाणी सुरू झाली आहे. आणि तो आत गेला.

"साहेब, गेल्या आठवड्याच्या विवरणपत्रात माझ्याकडून एक आकडा उलटा लिहिला गेला. चौऱ्याऐंशी हजारांच्या जागी अठ्ठेचाळीस हजार झाले आहेत. दुरुस्तीपत्र तयार आहे."

"पुन्हा चूक ?" अधिकारी नाराजीने म्हणाले.

"होय, साहेब. यापुढे पाठविण्यापूर्वी दुसऱ्या टेबलाकडून आकडे वाचून घेणार आहे."

अधिकाऱ्यांनी मूळ पत्रक पाहिले, सही केली आणि पत्र त्याच दिवशी पाठविण्यास सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावरील नाराजी गेली नाही. सहायकाची धडधडही काही वेळ चालूच राहिली. सरपंचांना त्याने चूक कशी झाली व दुरुस्ती कधी गेली ते सांगितले. हप्ता वेळेवर मिळेल की नाही, ते जिल्हा परिषदेच्या निर्णयावर अवलंबून होते. त्याच्या हाती जे होते ते मात्र झाले होते. शुक्रवारच्या सभेत चूक ऐकण्याची पाळी आली असती, तर ती दुरुस्त झालेली चूक असती.

या प्रसंगातील यश भीती किती कमी झाली यावर मोजावयाचे नाही. भीती असतानाही कोणती कामे झाली, यावर ते मोजावयाचे. आठवड्याच्या अखेरीस "नको असलेला विचार मनात असूनही आपण कोणते काम केले ?" असा प्रश्न स्वतःला विचारल्यास प्रगती होत आहे की नाही हे कळते.

कोठे चुकते ?

या पद्धतीत सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे विलग होण्याचा उपयोग विचार घालविण्याचे औषध म्हणून करणे. "वाक्य तीन वेळा लिहिले, तरी विचार गेला नाही" अशी तक्रार कोणी केली, तर तो टाळण्याचाच जुना प्रयत्न नव्या साधनाने करीत आहे असे समजावे. विचार काही वेळा विरतो, काही वेळा विरत नाही. दोन्ही प्रसंगी पुढची कृती तीच राहते.

दुसरी चूक याच्या उलट आहे. प्रत्येक विचाराला "हा केवळ विचार आहे" म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. "आकडा चुकला आहे" हाही एक विचारच होता आणि तो उपयोगी होता. विलग व्हावयाचे ते ज्या विचाराची आज्ञा पाळल्याने आपण निवडलेल्या दिशेपासून दूर जातो, त्या विचारापासून. विचार उपयोगी आहे की नाही याची कसोटी तो सुखद आहे की दुःखद ही नाही, तर तो कोणीकडे नेतो ही आहे.

तिसरी चूक मूल्यांच्या बाबतीत होते. "मी प्रामाणिक असलेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा" असे वाक्य मनात आले, तर मूल्याचे रूपांतर चाबकात झाले असे समजावे. त्या वाक्याशीही तादात्म्य झालेले आहे. निवडलेली दिशा चुकली तर पुन्हा तिकडे वळता येते; चाबकाने मात्र माणूस जागीच थिजतो.

चौथी बाब वरिष्ठांशी संबंधित आहे. सहाय्यकारी म्हणून पुढे केलेल्या या विचाराचा उपयोग हाताखालच्यांना गप्प बसविण्यासाठी होता कामा नये. अपुरे मनुष्यबळ, अशक्यप्राय मुदत किंवा चारचौघांत होणारा अपमान यांबद्दल तक्रार करणाऱ्यास "हा तुमच्या मनातील विचार आहे" असे सांगणे, हा पद्धतीचा विपर्यास होय. ब्रिटनमध्ये फ्रँक बाँड आणि डेव्हिड बन्स यांनी एका माध्यमसंस्थेतील ९० कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटास 'ॲक्ट' पद्धतीचे प्रशिक्षण दिले होते, दुसऱ्या गटास तणावाची कारणे शोधून ती स्वतः बदलण्याचे प्रशिक्षण दिले होते आणि तिसरा गट प्रतीक्षेत ठेवला होता. पहिल्या गटातील सुधारणा नकोशा विचार-भावनांचा स्वीकार वाढल्यामुळे घडून आली, तर दुसऱ्या गटातील सुधारणा तणावाची कारणे बदलण्याच्या प्रयत्नांमुळे. यावरून हे दोन वेगळे मार्ग असून एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही, असे म्हणता येते. उदाहरणातील चूक सभेत हशाचा विषय झाली नसती, तर ती सोमवारीच सांगितली गेली असती. दोन टेबलांनी आकडे ताडून पाहण्याची रीत असती, तर कदाचित ती झालीच नसती.

शेवटची मर्यादा प्रकृतीची आहे. कामाविषयीची भीती व संकोच यांसाठी वरील पायऱ्या स्वतःच्या स्वतः करून पाहण्यास हरकत नाही. परंतु झोप व भूक अनेक दिवस नाहीशी झाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहून कशातच रस वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर कागद व पेन पुरेसे नाही. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतला पाहिजे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. सहकाऱ्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या बाबतीत अशी लक्षणे दिसल्यास शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी हा क्रमांक त्याच्या हाती द्यावा आणि पहिला दूरध्वनी करताना शक्य तर त्याच्याजवळ बसावे.